आधी या तीन ओळी

पुट्टगौरम्माला बुधवारी सकाळी आत आणलं तेव्हा तिच्या तोंडातून शब्द निघत नव्हता. ओठ आतून सोलल्यासारखे, जीभ पांढरी, हिरड्यांतून रक्त. सून सांगत होती, दोन दिवसांपासून नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा गिळता येत नाही, पाणीसुद्धा डोळ्यांत पाणी आणून पिते. मी औषधखान्यातून इंजेक्शनं घेऊन वर गेले होते, एरवी वॉर्डात माझं काम नसतं. सुनेने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून माझ्यापुढे धरली. मेथोट्रेक्सेट, दहा मिलिग्रॅम. दहा गोळ्यांची पट्टी. नऊ घरं रिकामी.

मी परत मोजली. नऊच.

ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. आमच्या तिपटूरच्या या धर्मादाय रुग्णालयाने सांधेदुखीचं शिबिर घेतलं तो रविवार होता. त्याला दहा दिवस झाले होते. पहिली गोळी सोमवारी, दुसरी परवाच्या सोमवारी. म्हणजे पट्टीत आठ गोळ्या उरायला हव्या होत्या.

"रोज घेतली?" मी विचारलं.

सुनेने पिशवीत हात घालून एक कार्ड काढलं, हळदीच्या बोटांचे डाग पडलेलं, आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. "गोळी नियमित घ्या. चुकवू नका. काही त्रास वाटल्यास आम्हाला कळवा. आम्ही तुमच्या सोबत आहोत." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "रोज देवापुढे दिवा लावला की घ्यायच्या त्या. एक दिवस चुकवली नाही. तुम्हीच छापलंय ना हे?"

"डॉक्टर काही बोलले नव्हते?"

"सोमवारचं काहीतरी बोलले होते म्हणे. सासूबाईंना वाटलं, सोमवारपासून सुरू करायची."

कार्ड आमचंच होतं. खाली रुग्णालयाचा दिवा छापलेला. मी ते हातात घेतलं आणि माझे कान तापले. मी हळू बोलणारी बाई आहे, कुणी माझा चढलेला आवाज ऐकलेला नाही, पण त्या क्षणी मला ओरडावंसं वाटत होतं आणि कुणावर ते कळत नव्हतं.

डॉ. उषा केदिलाय खाटेपाशी उभ्या होत्या. रक्ताचा रिपोर्ट हातात. "पांढऱ्या पेशी नऊशे," त्या म्हणाल्या. निरोगी माणसाला चार हजारांच्या वर असतात. "उतारा म्हणून फोलिनिक ॲसिड सुरू करते. रत्नक्का, शिबिरात ही गोळी किती जणांना दिली?"

"शेहेचाळीस."

त्यांनी माझ्या हातातल्या कार्डाकडे पाहिलं. त्यातल्या प्रत्येकाच्या घरी हे कार्ड होतं.

मी खाली आले, शिबिराची नोंदवही काढली आणि एकेकाला फोन लावायला बसले. "आठवड्यातून एकदाच. सोमवारी. आज घेतली का? रोज घेत होतात का?" साडेदहापर्यंत पुट्टगौरम्मा सोडून बत्तीस जण मिळाले. त्यातले दोघे रोज घेत होते, एकाला तोंड येऊ लागलं होतं. दोघांनाही ताबडतोब बोलावून घेतलं. तेरा जणांचे फोन लागले नाहीत. कुणाचा बंद, कुणाचा नंबर चुकीचा, कुणी नातवाचा नंबर दिलेला आणि नातू बंगळुरूला. तेरा घरं, नारळीच्या बागांमधली, पाच-सहा गावांत पसरलेली. त्यातला कुणी आज दिवा लावून दहावी गोळी घेत असेल.

त्या तेरांपर्यंत पोहोचायचा मार्ग एकच होता. गावातल्या आशा कार्यकर्त्या. त्यांना निरोप तालुक्याच्या समन्वयक बाईंकडून जातो, बाईंना आमच्या कार्यालयातून, कार्यालयाला माझ्याकडून. मी कागदावर हाताने लिहून दिलं, संबंध पानभर, एकही गोष्ट न सोडता, आणि शिपायाच्या हाती कार्यालयात पाठवलं.

मग यतीशकडे गेले.

यतीश आमची सगळी छपाई बघतो. पत्रकं, फलक, कार्डं. पंचवीस-सव्विशीचा, कामाला वाघ, पण कुठल्याही गोष्टीला आधी हसून उत्तर देणारा.

"मी तुला दोन पानं लिहून दिली होती," मी कार्ड त्याच्या टेबलावर ठेवलं. "त्याचं हे कसं झालं?"

तो हसला. मग माझा चेहरा बघून त्याचं हसू जागीच वाळलं. "अक्का, दोन पानं कार्डावर कशी मावतील? संगणकातल्या एआयला लहान करायला सांगितलं. सगळी पत्रकं तशीच करतो."

"दाखव."

त्याने संगणकाशी झालेला तो लेखी संवाद पडद्यावर उघडला. मी उभ्यानेच वाचलं. वर माझी दोन पानं होती आणि त्यात माझं वाक्य होतं: ही गोळी आठवड्यातून एकदाच, सोमवारी घ्यायची, रोज घेतल्यास जिवाला धोका. त्याखाली यतीशने लिहिलं होतं, 'एका पानात बसव.' संगणकाने बसवलं. आठवड्यातून एकदा, सोमवारी घ्या. जिवाचा धोका गेला. मग यतीश: 'अजून लहान आणि सोपं.' आलं: ठरलेल्या दिवशी घ्या. मग यतीश: 'कार्डावर मावेल इतकं, जरा आपुलकीने.' आलं: गोळी नियमित घ्या, चुकवू नका.

आपुलकीने!

"प्रत्येक वेळी तू कशाशी ताडून बघितलंस?"

"आधीच्याशी."

"आधीच्याशी म्हणजे? माझ्या दोन पानांशी, की त्याच्या आदल्या लहान केलेल्याशी?"

तो म्हणाला, "आदल्याशी. त्यात चूक नव्हती ना काही. सोमवार म्हणजे ठरलेला दिवसच. ठरलेल्या दिवशी म्हणजे नियमितच."

बरोबरच होतं त्याचं. एकेक पायरी बघितली तर प्रत्येक पायरी खरी वाटत होती. तीन पायऱ्या उतरल्यावर मात्र खाली विहीर होती. संगणकाला तरी काय दोष द्यायचा? काय सांडलं तर चालेल आणि काय सांडलं तर माणूस मरेल, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला लहान करायला सांगितलं होतं, त्याने केलं. सगळ्यात मोठं वाक्य आधी कापलं, कुणीही तेच केलं असतं.

"मूर्खा," मी म्हणाले, आवाज न चढवता, "हे पाट्या रंगवायचं दुकान आहे का? लोक गिळतात हे."

"अक्का, छापायच्या आधी मी तपासायला दिलं होतं." तो आता रडकुंडीला आला होता. त्याने खणातून एक फाइल काढली, छापण्यापूर्वीचा नमुना. खाली कोपऱ्यात हिरव्या शाईची सही. ना. र. माझी.

मला आठवलं. एकादशी होती, दुपारी दीडची वेळ, औषधखान्यापुढे रांग. मी तो नमुना वाचला होता, अगदी नीट वाचला होता. आणि जिथे 'नियमित' लिहिलं होतं तिथे मला 'दर सोमवारी' दिसलं होतं, कारण मला ते ठाऊक होतं. ज्याला ठाऊक असतं त्याला गाळलेली जागा दिसतच नाही, तो ती स्वतःच भरून वाचतो. पुट्टगौरम्माकडे भरायला काही नव्हतं.

मी सही केलेला कागद घडी करून कमरेला खोचला. राग गेला नाही, फक्त आता तो यतीशवर होता तितकाच माझ्यावरही होता.

पावणेबाराला सिद्धगंगम्माचा फोन आला. हुच्चगोंडनहळ्ळीची आशा, जुनी ओळख. तिच्या गावात त्या तेरातले चार जण.

"अक्का, तुमच्या रुग्णालयाचा निरोप आलाय. मी काय करायचं ते कळेना."

"काय आलंय? वाच."

"सांधेदुखीच्या रुग्णांनी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार वेळेवर घ्यावीत. शंका असल्यास रुग्णालयाशी संपर्क साधावा." ती थांबली. "हे मी का सांगायला जाऊ घरोघर? हे तर आम्ही रोजच सांगतो."

माझ्या हातातला फोन मी टेबलावर ठेवला. परत उचलला. "सिद्धगंगम्मा, तुझ्या गावातले शिबिराला आलेले चौघं. आत्ता जा. गोळ्यांच्या पट्ट्या काढून घे, सगळ्यांच्या. ती गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोज खाल्ली तर मरतात. पळ."

"अय्यो देवा," ती म्हणाली आणि फोन कापला.

बाकी गावांच्या आशांचे नंबर माझ्याकडे नव्हते. ते समन्वयक बाईंकडेच. मी तशीच कार्यालयात गेले. अधीक्षक डॉ. शिवरुद्रप्पा खुर्चीत मागे रेलून बसले होते.

"सर, माझा निरोप कुणी कापला?"

"आम्ही थोडा आटोपशीर केला, नागरत्नम्मा. पानभर निरोप कोण वाचतं? शिवाय 'जिवाला धोका' वगैरे लिहिलंत तर उद्या गावात दंगा. समन्वयक बाईंनी आणखी जरा लहान केला असेल. त्यांनाही तसंच मशीन दिलंय जिल्ह्याने."

"सर, त्यात औषधाचं नावही राहिलेलं नाही."

"तुम्ही शांत व्हा. ती बाई अडाणी, तिने घोटाळा केला, आपण तिच्यावर उपचार करतोय. फुकट करतोय."

"तिच्या सुनेने कार्ड मला खणखणीत वाचून दाखवलं," मी म्हणाले. "घोटाळा त्या घराने केलेला नाही. कार्डावर जे आहे ते त्यांनी अक्षर अन् अक्षर पाळलं."

ते पेन फिरवत राहिले. मी उत्तराची वाट पाहिली नाही. पानभर निरोप लिहिला ही माझीही चूकच होती. जो पहिल्या हातात लांब वाटतो त्याला प्रत्येक हात कात्री लावणार, आणि कात्री कुठे लावायची हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळंच महत्त्वाचं म्हणून दिलं की त्यातलं काहीच महत्त्वाचं उरत नाही.

यतीशच्या खोलीत परत गेले. "बस. लिही. आधी एक यादी, काय कापायचं नाही त्याची."

डॉ. उषाही खाली आल्या होत्या. त्यांना वाटत होतं यादीत सगळं यावं: फोलिक ॲसिड वेगळ्या दिवशी, गरोदरपणात नको, दारू नको, महिन्याला रक्ततपासणी, दुखण्याच्या इतर गोळ्या विचारून. सतरा गोष्टी झाल्या. यतीशने ती सतरा कलमांची यादी घालून निरोप लहान करायला लावला. आलेला निरोप जुन्याइतकाच लांब.

"होणारच," मी म्हणाले. "सतराच्या सतरा ठेव म्हटल्यावर कापायला उरलं काय? उषा मॅडम, हे सगळं नव्या कार्डावर येईल. आज, या तेरांसाठी, काय नसेल तर माणूस जाईल?"

त्यांनी बोटांवर मोजलं. "औषधाचं नाव आणि गोळी कशी दिसते ते. एकदाच, सोमवारी, रोज नाही. आणि आज गोळी थांबवून तोंडात फोड, ताप, रक्त असेल तर इथे या."

"तीन," मी म्हणाले. "बाकी सगळं कापलं तरी चालेल."

मी यतीशला शब्द न् शब्द सांगितला, त्याने टंकला:

एक, मेथोट्रेक्सेट, पिवळी गोळी, दहा मिलिग्रॅम. दोन, आठवड्यातून फक्त एकदा, सोमवारी. रोज घेतल्यास जीव जाऊ शकतो. तीन, आज गोळी घेऊ नका. तोंडात फोड, ताप किंवा रक्त असेल तर आजच रुग्णालयात या.

त्याच्या वर लिहिलं: या तीन ओळी कितीही वेळा लहान केलं तरी जशाच्या तशा राहतील. शब्द बदलायचा नाही, आकडा बदलायचा नाही. कापायचं असेल ते बाकीच्यातून कापा.

आणि त्याखाली बाकीचा निरोप.

यतीशने आमच्यासमोरच करून बघितलं. एकदा लहान, तीन ओळी होत्या. दुसऱ्यांदा, होत्या. मी प्रत्येक वेळी कागदावरची यादी बोटाने धरून वाचत होते, आदल्या निरोपाशी नाही, यादीशी. तिसऱ्यांदा मी वाचलं आणि थांबले. 'सोमवारी, ठरल्याप्रमाणे.'

"हे काय?"

यतीशने जीभ चावली. "अक्का, तो संवाद फार लांबला म्हणून मी नवीन उघडला. नुसता निरोप चिकटवला."

"आणि यादी?"

"यादी जुन्या संवादात राहिली."

"त्याला मागचं काय आठवणार, यतीश? नवीन उघडलंस म्हणजे नवा माणूस आला समोर. दर वेळी यादी आधी चिकटव. दर वेळी. आणि झालं की तीनही ओळी आहेत का ते त्यालाही विचार, आणि स्वतःही बघ. तो हो म्हणतो म्हणून मान हलवू नकोस."

"मी मुद्दाम केलं नाही अक्का."

"माहीत आहे. पुट्टगौरम्माचंही कुणी मुद्दाम केलं नव्हतं."

पुढचा निरोप अधीक्षकांच्या खोलीतून जाऊ दिला नाही. मी स्वतः समन्वयक बाईंना फोन लावला. महादेवम्मा, तालुक्यात वीस वर्षं काढलेली बाई. "अहो, मी फक्त लहानच केलं होतं," ती म्हणाली. "आमच्याकडे दिवसाला चाळीस निरोप येतात. काय करू?"

"लहान करा, अक्का. खुशाल करा. पण वरच्या तीन ओळी आधी मशीनला द्या, जशाच्या तशा ठेवायला सांगा, मग खालचं कापा. आणि पाठवायच्या आधी ते मला फोनवर वाचून दाखवा."

"वाचून? माझ्यावर विश्वास नाही तुमचा?"

"माझ्यावरच नाही राहिला," मी म्हणाले. "वाचा."

तिने वाचलं. सुरुवातीचं स्वागत, नमस्कार, रुग्णालयाचं नाव, शिबिराची तारीख, सगळं कापलेलं होतं. तीन ओळी होत्या. गोळी पिवळी होती, सोमवार सोमवारच होता, आणि जीव जाऊ शकतो हेही होतं.

तेराही जणांची नावं-गावं आणि आशांसाठी माझा नंबर मी तिला दिला. "पाठवा," मी म्हणाले. तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

दोन वाजता पहिला फोन. मग तीन एकदम. आशा लोकांच्या दारात उभ्या राहून मला तिथूनच फोन करत होत्या, मागे गाई हंबरताना ऐकू येत होत्या, नारळ सोलल्याचा खटखट आवाज. एक म्हातारा आशेशी भांडत होता, "कार्डावर लिहिलंय नियमित, तू कोण मोठी डॉक्टरीण?" तिने त्याला तिसरी ओळ वाचून दाखवली, मग दुसरी, मग परत तिसरी. शेवटी त्याने पट्टी दिली. सात घरं रिकामी. साडेतीनपर्यंत बारा. तेरावी जयम्मा, लेकीच्या घरी अरसीकेरेला गेलेली. तिकडच्या आशेला महादेवम्माने स्वतः गाठलं. पाचला कळलं, जयम्मा गोळी आठवड्याला एकच घेत होती. डॉक्टरांचं बोलणं तिच्या लक्षात राहिलं होतं. कार्ड तिने वाचलंच नव्हतं.

मी खुर्चीत बसले. दिवसभर पोटात पाणीही नव्हतं, त्याचं काही वाटत नव्हतं. राग मात्र जसाच्या तसा होता.

अधीक्षकांनी बोलावलं. टेबलावर विश्वस्तांसाठीचा अहवाल तयार होता, त्यांच्या सहाय्यकाने संगणकावर करून दिलेला, अर्ध्या पानाचा. 'एका रुग्णाकडून औषधाच्या प्रमाणात गैरसमज झाला. वेळीच उपचार व समुपदेशन करण्यात आले.' खाली सहीची जागा.

"हा विश्वस्तांच्या सचिवांकडे जाईल," ते म्हणाले. "ते तो आणखी दोन ओळींचा करतात."

"मग याच्याही वर मी ओळी लिहून देते सर. त्या कापायच्या नाहीत."

"कुठल्या ओळी?"

मी कमरेचा कागद काढला, टेबलावर उलगडला आणि त्याच्या पाठीवर लिहिलं. कार्ड आमचं होतं. कार्डावर आठवड्यातून एकदा हे नव्हतं. छापण्यापूर्वी मूळ मजकुराशी ताडून पाहिलं नाही. तपासणीची सही नागरत्ना, औषधनिर्माता, यांची आहे.

त्यांनी वाचलं. पहिल्यांदाच त्यांचं पेन थांबलं. "चौथी ओळ काढा. तुमच्यासाठी म्हणतोय. नोकरीचा प्रश्न आहे."

"चौथी काढली तर सचिव तिसरीही काढतील. मग दुसरी. मग राहील ती बाई आणि तिचा गैरसमज." माझा आवाज तसाच हळू होता, पण ते खुर्चीत सरळ झाले. "चारही राहतील सर. नाहीतर मी ही सही केलेला नमुना स्वतः सचिवांकडे घेऊन जाते."

त्यांनी अहवाल सहाय्यकाकडे सरकवला. "या चार ओळी वर घाला. जशाच्या तशा."

मी तिथेच उभी राहिले, छापून येईपर्यंत, आणि चार ओळींवर बोट ठेवून वाचल्या.

वॉर्डात गेले तेव्हा पुट्टगौरम्मा जागी होती. उषा मॅडम म्हणाल्या होत्या, आज-उद्या काही सांगता येत नाही, पेशी परवा वाढायला लागल्या तर जिंकलो. मी खाटेजवळ स्टुलावर बसले.

"अम्मा, त्या कार्डावर माझी सही होती. मी तपासलं होतं. मला दिसलं नाही."

पुट्टगौरम्माने ओठ हलवले, दुखलं, पुन्हा हलवले. शब्द फाटका आला. "मी रोज... दिवा लावून घेतली."

"हो."

"देवाला सांगितलं, चुकवत नाही म्हणून."

तिने भिंतीकडे तोंड केलं. माफी मी मागितली नव्हती आणि तिने दिली नाही, दोन्ही बरंच झालं. सहाच्या इंजेक्शनची वेळ झाली होती. परिचारिकेच्या हातातल्या कुपीवरचं नाव मी एकदा वाचलं, मात्रा एकदा वाचली, कागदाशी ताडली, परत वाचली.

खाली यतीश अजून घरी गेला नव्हता. त्याच्या टेबलावर पत्रकांचा गठ्ठा होता. मधुमेह, थायरॉइड, फिटच्या गोळ्या, रक्त पातळ करायची गोळी. सगळी त्याने तशीच लहान केलेली, बहुतेकांवर माझीच हिरवी सही.

"किती?" मी विचारलं.

"सतरा, अक्का."

"मूळ कागद काढ," मी म्हणाले. "आणि रक्त पातळ करायच्या गोळीची यादी आधी."